‘येऊ शकत नाही’ हे एकाच वाक्यात सांगावं

‘बाबा गेले. उद्या सकाळी दहाला अंत्यविधी.’

मैत्रिणीचा हा मेसेज मी पहाटे साडेपाचला वाचला. विमानतळावर थांबण्याचा वेळ धरला तर माझ्यापासून तिच्या घरापर्यंत बावीस तास लागतात, आणि पुढची सगळी जुळवाजुळव नशिबाने साधली तरी मी पोचणार होते अंत्यविधी उरकल्यानंतर. मी अर्धा तास तिकिटं चाळली आणि मग तिला लिहिलं:

‘अगं, काय बोलू, शब्दच सुचत नाहीत. मी तिकिटं बघितली, संध्याकाळच्या आधी एकही विमान नाही, त्यात मध्ये सात तास थांबावं लागतंय, म्हणजे काही केलं तरी वेळेत पोचत नाही. मला इतकं अपराधी वाटतंय. काकांसाठी मी एवढंही करू शकत नाही याचं फार वाईट वाटतंय. मला माफ कर. मनाने मी तिथेच आहे. धीर धर. काही लागलं तर नक्की सांग.’

दहा मिनिटांत तिचं उत्तर आलं. ‘अगं, वाईट वाटून घेऊ नकोस. एवढ्या लांबून कशी येणार तू? मला समजतंय. काळजी घे.’

ते वाचून मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज वाटायला दोन दिवस लागले. वडील तिचे गेले होते आणि सांत्वन माझं झालं होतं. घरात माणसं जमलेली, डॉक्टरांचे कागद व्हायचे होते, आई एका खोलीत सुन्न बसलेली. तशात त्या मुलीने दहा मिनिटं बाजूला काढली ती माझा अपराधीपणा हलका करायला. माझा मेसेज पुन्हा मोजून बघा. आठ वाक्यं आहेत. त्यात काका फक्त एकदा येतात, आणि त्या वाक्यातही मुद्दा माझ्याविषयीचाच आहे.

मेसेज चुकला हे ओळखण्याची यापेक्षा सोपी खूण मला माहीत नाही. समोरून ‘तू वाईट वाटून घेऊ नकोस’ असं उत्तर आलं, तर आपण सहानुभूती पाठवली नव्हती, मागितली होती.

सुझान सिल्क आणि बॅरी गोल्डमन यांनी २०१३ साली लॉस एंजेलिस टाइम्समध्ये यावर एक छोटा लेख लिहिला होता. त्यांनी एक चित्र काढायला सांगितलं. ज्याच्यावर संकट आलं आहे तो मधल्या वर्तुळात, त्याच्याभोवतीच्या वर्तुळात सर्वांत जवळची माणसं, मग त्यापुढचे नातेवाईक, मग मित्र, मग ओळखीचे. नियम एकच: आतल्या दिशेला फक्त आधार जातो, आणि कुरकुर, रडारड, ‘मला हे सहन होत नाही’ हे सगळं बाहेरच्या दिशेला. मी केलं ते नेमकं उलट. मला अपराधी वाटत होतं हे खोटं नव्हतं, पण ते ऐकायला माझा नवरा होता, बहीण होती, तिला न ओळखणाऱ्या माझ्या दहा मैत्रिणी होत्या. ती सोडून कोणीही चाललं असतं.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे की ‘मी येऊ शकत नाही’ ही एक माहिती आहे. ती माहितीसारखीच द्यावी: लवकर, एका वाक्यात, कारण अर्ध्या वाक्यात, आणि माफी न मागता. माफी मागितली की समोरच्याला ती द्यावी लागते. जिचे वडील काल रात्री गेले तिच्या अंगावर हे एक काम आपण का टाकावं?

लवकर सांगण्याला एक व्यवहारी कारणही आहे. मृत्यूच्या घरात पहिल्या काही तासांत कोणीतरी डोकी मोजत असतं. कोण येणार, कोणासाठी थांबायचं, कोणाला आणायला गाडी पाठवायची. अशा वेळी ‘बघते, काही जमतंय का’ हे उत्तर फार वाईट. लिहिणाऱ्याला त्यात माया दिसते, पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच ठरवता येत नाही. उलट मनात एक बारीक आशा लटकत राहते आणि ती संध्याकाळी मोडते. अर्धा तास घ्या, प्रवासाचं गणित नीट करा, आणि उत्तर ‘नाही’ असेल तर ‘नाही’ सांगा. याहून चुकीचं वाक्य म्हणजे ‘मी येऊ का? तू म्हणशील तसं.’ ऐकायला ते फार नम्र वाटतं, पण निर्णय आपला असून तो आपण तिच्या गळ्यात घालतो. ती काय म्हणणार? ‘नको, कशाला एवढा खर्च’ हेच म्हणणार, आणि मग आपण ‘तिनेच नको म्हटलं’ असं स्वतःला सांगायला मोकळे.

कारण खरं द्यावं हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते, कारण ‘अंतर’ हा शब्द फार सोयीचा आहे. कधी अंतर म्हणजे खरोखर बावीस तास असतात. कधी तिकिटाचे पैसे नसतात, कधी रजा मिळत नाही, कधी व्हिसा संपत आलेला असतो आणि देश सोडला तर परत येता येईल याची खात्री नसते, कधी घरात आजारी मूल असतं. जे असेल ते पाच-सहा शब्दांत लिहावं. ‘पोचायला बावीस तास लागतात.’ ‘व्हिसामुळे बाहेर पडता येत नाही.’ बस. आकडा किंवा अडचण एकदा स्पष्ट दिसली की वाचणाऱ्याला ती पुरते. तिकिटांचं वेळापत्रक, मधले सात तास, एजंटला केलेले फोन हा सगळा पुरावा आहे, आणि पुरावा तोच देतो ज्याला आपल्यावर खटला चालू आहे असं वाटतं. आणि जर येता येत असेल पण गैरसोयीचं असेल, तर अंतराच्या मागे लपू नये. तेव्हा काहीच कारण न देता ‘मी येऊ शकणार नाही’ एवढंच लिहिलेलं बरं.

‘मनाने मी तिथेच आहे’ या वाक्याशी माझं खास भांडण आहे. आपण तिथे नसतो. तिच्या शेजारी उभं राहायला जे हात लागतात ते आपले नसतात, हे तिला पक्कं माहीत असतं. उपस्थितीला पर्याय नाही असं म्हणणारी माणसं मला कर्मठ वाटत नाहीत, ती बरोबरच बोलतात. म्हणूनच गैरहजेरीवर मनाच्या हजेरीची शाल पांघरू नये. नाही येऊ शकत म्हणजे नाही. एवढं मान्य केलं की लांबून जे खरंच करता येतं त्याकडे नीट बघता येतं.

आता ठरलेल्या वाक्यांबद्दल. ‘फार वाईट झालं.’ ‘शब्द अपुरे आहेत.’ ‘काळ हेच औषध.’ ‘धीर धर.’ यांची टिंगल करणं सोपं आहे आणि मला ती करायची नाही. प्रत्यक्ष भेटीत ही वाक्यं छान काम करतात. माणूस दारातून आत येतो, शेजारी टेकतो, खांद्यावर हात ठेवतो आणि ‘फार वाईट झालं’ म्हणतो. तिथे बोलतो तो हात; शब्दांनी फक्त शांतता भरून काढलेली असते. तेच तीन शब्द स्क्रीनवर आले की त्यांच्यामागे हात नसतो, डोळे नसतात, घाईघाईने चढलेले जिने नसतात. म्हणजे एरवी शरीराने उचललेला सगळा भार लांबून लिहिताना शब्दांवर येतो, आणि हे शब्द तेवढ्या भाराचे नाहीत. त्यात आता फोनमध्ये हात जोडलेले, फुलं वाहिलेले तयार स्टिकर असतात. ओळखीच्या ओळखीच्या माणसाला ते चालतात. मैत्रिणीला नाही.

माझी कसोटी साधी आहे: मी लिहिलेलं वाक्य एक अक्षरही न बदलता दुसऱ्या कोणाच्या मृत्यूवर तिसऱ्याच कोणाला पाठवता येईल का? येत असेल, तर ते खोडायचं.

काही वाक्यं नुसती पोकळ नसतात, बोचतातही. ‘सुटले बिचारे’ घ्या. सहा महिने ज्याने रात्री जागून कूस बदलून दिली, तो मुलगा हे म्हणू शकतो. तो हक्क त्याने कमावलेला असतो. लांबून आपण ते म्हणालो तर त्याला ऐकू येतं ‘तुम्ही सुटलात’. ‘आता आईसाठी खंबीर हो’ हेही तसंच. दुःख करायची परवानगी काढून घेऊन वर नवीन काम दिल्यासारखं. आणि ‘काही लागलं तर सांग’ हे सर्वांत निरुपद्रवी दिसणारं वाक्य खरं तर गृहपाठ आहे. काय लागतंय ते शोध, ते मला सांगण्यासारखं आहे का ते ठरव, मग संकोच मोडून माग. त्या आठवड्यात हे कोणालाच जमत नाही.

मग लोक चांगलं का लिहीत नाहीत? त्यांना कळत नाही म्हणून? मला तसं वाटायचं. पण डॅरिन लेहमन, जॉन एलार्ड आणि कॅमिल वॉर्टमन या मानसशास्त्रज्ञांचा १९८६ चा एक अभ्यास वेगळं सांगतो. अपघातात जोडीदार किंवा मूल गमावलेल्या माणसांना त्यांनी विचारलं की लोकांच्या कोणत्या बोलण्याचा उपयोग झाला आणि कोणत्याचा त्रास झाला. त्रास झाला होता तो मुख्यतः उपदेशाचा आणि ‘आता सावर’ छापाच्या उत्तेजनाचा. उपयोग झाला होता कोणी बोलू दिलं तेव्हा. मग असं दुःख न भोगलेल्या माणसांना विचारलं, की तुम्ही अशा कोणाला भेटलात तर काय म्हणाल? आणि त्यांची उत्तरं बरीचशी बरोबर होती! म्हणजे काय बोलावं हे शांतपणे विचारलं तर बहुतेकांना ठाऊक असतं. समोरासमोर आल्यावर तो ताण असह्य होतो, आणि तो ताण संपवण्यासाठी तोंडातून ‘धीर धर’ निघून जातं, असा अर्थ त्या संशोधकांनी लावला.

यातून मला एक गोष्ट दिसते, जी लांब राहणारे लोक विसरतात. आपल्यावर ती समोरासमोरची दडपण आणणारी वेळ नसते. आपल्याकडे लिहायला अर्धा तास असतो, खोडायला जागा असते. अंतराने आपल्याकडून बरंच काढून घेतलेलं असतं, पण ही एक सवड दिलेली असते, आणि आपण ती तिकिटांचं वर्णन करण्यात घालवतो.

त्या सवडीत काय लिहायचं? गेलेल्या माणसाचं काहीतरी. गुणांची यादी नको, एक प्रसंग, डोळ्यांसमोर उभा राहील असा. तुम्ही त्यांना कधी भेटलाच नसाल तर मैत्रिणीने त्यांच्याबद्दल सांगितलेलं काही आठवत असेल: ‘तू एकदा सांगितलं होतंस की ते प्रवासाला निघताना कुलूप तीनदा ओढून बघायचे.’ तेवढंही पुरतं, कारण त्यातून कळतं की तिचं बोलणं कोणीतरी ऐकून ठेवलं होतं. सांभाळायच्या दोन गोष्टी आहेत. प्रसंगाचा नायक आपण असू नये, ‘काका मला नेहमी म्हणायचे की तू फार हुशार’ वगैरे. आणि बापलेकीचं पटत नव्हतं हे तुम्हाला माहीत असेल, तर वडिलांच्या थोरवीचं काहीही लिहू नये. तिथे ‘तुझ्या मनात आज काय काय चाललं असेल ते मी ठरवणार नाही’ हे वाक्य कुठल्याही गौरवापेक्षा मोठं असतं.

लांबून लिहिलेल्या सांत्वनाचं एक पत्र माझ्या फार आवडीचं आहे. २३ डिसेंबर १८६२ या दिवशी अब्राहम लिंकन यांनी वॉशिंग्टनहून फॅनी मॅककलो या तरुण मुलीला लिहिलेलं. तिचे वडील, लिंकन यांचे जुने स्नेही, त्याच महिन्याच्या सुरुवातीला लढाईत मारले गेले होते. पत्र लहान आहे. गंमत अशी की त्यातला मुख्य विचार ‘काळ हेच औषध’ हाच आहे, माझ्या कसोटीवर सपशेल नापास होणारा. तरी ते पोकळ का वाटत नाही? कारण लिंकन आधी कबूल करतात की तुला कधी बरं वाटेल यावर आज तुझा विश्वास बसणार नाही. मग सांगतात की तरीही तसं होईल, आणि हे मी अनुभवाने बोलतो. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा विली गेला होता. पत्रात त्याचं नाव नाही. स्वतःचं दुःख त्यांनी एका ओळीत, तेही फक्त शब्दाला वजन यावं एवढ्यापुरतं वापरलं आणि लगेच मुलीकडे वळले. आपल्या दुःखाला सांत्वनाच्या पत्रात किती जागा द्यावी याचं एवढं नेमकं माप मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

प्रसंग लिहून झाला की एक काम, तेही आपणच ठरवलेलं. लांबून करता येणारी कामं कमी असतात पण असतात. जुन्या मित्रमंडळींना कळवणं हे त्यातलं पहिलं, कारण तीच बातमी चाळीस वेळा सांगणं ही शिक्षा आहे. दुसरं काम काही दिवसांनी निघतं: कागदपत्रं, विमा, बँकेचे फॉर्म, जे कुठूनही भरता येतात. (जाता जाता: गेलेल्या माणसाचा मोबाईल नंबर घाईने बंद करू देऊ नका. खात्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येत असतात, आणि हे पहिल्या आठवड्यात कोणाच्या लक्षात येत नाही.) अंत्यविधी व्हिडिओवर दाखवणार आहेत का, असं मात्र विचारू नये. लिंक आली तर बघावी आणि नंतर, ती बोलायला लागली की, आपण काय बघितलं ते सांगावं. आपल्यासाठी कोणीतरी फोन धरून उभं राहावं ही मागणी आपण करायची नसते.

आणि एक तारीख. ‘लवकरच येते’ नव्हे. एकतर फोनचा वार किंवा यायचा दिवस. पहिल्या दहा दिवसांत घर माणसांनी भरलेलं असतं, मग ते एकदम रिकामं होतं. जो अंत्यविधीला येऊ शकला नाही त्याची पाळी खरं तर तेव्हा येते. मी आता अशी बातमी आली की त्याच वेळी फोनमध्ये तीन आठवड्यांनंतरची एक आठवण लावून ठेवते. यांत्रिक वाटतं खरं. पण माझ्या मनावर विसंबले असते तर मी विसरले असते, आणि विसरण्यापेक्षा यांत्रिक बरं.

त्या पहाटे मी तिला काय लिहायला हवं होतं, ते मी पुढे बऱ्याच वेळा मनात लिहून बघितलं. शेवटी ते असं झालं:

‘काका गेल्याचं वाचलं. मी उद्या पोचू शकत नाही, बावीस तास लागतात. परीक्षेच्या दिवसांत तू रात्री वहीवर डोकं टेकून झोपायचीस तेव्हा ते आत डोकवायचे, मनगटावर घड्याळ असताना मला हळूच विचारायचे, “किती वाजले गं?”, आणि तुझ्या बोटांतून पेन सोडवून त्याला टोपण लावून ठेवायचे. तुझा मेसेज वाचल्यापासून तेच दिसतंय. आपल्या वर्गातल्या सगळ्यांना मी कळवते, तू कोणाला फोन करू नकोस. याला उत्तर देऊ नकोस. रविवारी संध्याकाळी फोन करेन. नाही उचललास तर पुढच्या रविवारी करेन.’

टोपणाची गोष्ट तिला कळली ती सात आठवड्यांनी, मी तिच्या घरी जाऊ शकले तेव्हा. काकांच्या टेबलाशी बसून आम्ही त्यांचे कागद वेगळे करत होतो आणि मला ती सहज आठवली म्हणून मी सांगितली. ती हातातला कागद धरून तशीच थांबली.

‘टोपण बाबा लावायचे? मला वाटायचं तू लावतेस.’

मग बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘हे तेव्हाच का नाही लिहिलंस? त्या रात्री मी जागीच होते. वाचलं असतं.’